लीव्ह पॉलिसीतून बाळंतपणाच्या रजेचं साधं पान कसं काढावं

महाप्याच्या एमआयडीसीत एका ऑफिसात मी एचआरचं काम पाहते. आमची लीव्ह पॉलिसी 42 पानांची, इंग्रजीत. ‘मला रजा किती मिळेल?’ एवढंच विचारायला आलेल्या मुलीला ती पाठवली, की ती मेल उघडून मिटते आणि पुन्हा माझ्याच टेबलाशी येते. म्हणून मी एक पानी मराठी मार्गदर्शक काढला. तो असा.

आधी फक्त ‘मॅटर्निटी’ हे शीर्षक वाचून थांबू नका. पीडीएफमध्ये `maternity`, `paternity`, `probation`, `confirmed`, `surviving` हे शब्द एकेक करून शोधा. रजेचे आठवडे एका पानावर असतात आणि ‘ही रजा फक्त कन्फर्म्ड कर्मचाऱ्यांना’ ही ओळ भलत्याच पानावर, व्याख्यांच्या यादीत दडलेली असते.

सापडलेलं प्रत्येक वाक्य चार रकान्यांत टाका: कुणाला, कोणत्या अटीवर, किती, आणि ही गोष्ट कायद्याची की कंपनीची. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. कंपनी कायद्यापेक्षा जास्त देऊ शकते, कमी नाही.

कायद्याचा हिशोब थोडक्यात असा. हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील तर 26 आठवडे पगारी रजा, त्यातले जास्तीत जास्त 8 बाळंतपणाआधी. दोन किंवा जास्त मुलं असतील तर 12 आठवडे, आधी 6. इथे मोजायची मुलं, बाळंतपणं नव्हेत: पहिल्या खेपेला जुळी झालेली आई दुसऱ्या खेपेला 12 आठवड्यांतच बसते. अट एकच, डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या तारखेआधीच्या 12 महिन्यांत त्या कंपनीत 80 दिवस काम. 26 आठवड्यांचा आकडा 1961 च्या कायद्यात 2017 च्या दुरुस्तीनंतर आला आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही हेच सगळे आकडे आहेत.

आता आमच्या पॉलिसीतली ओळ: ‘सहा महिने सेवा पूर्ण असावी.’ ती जशीच्या तशी मार्गदर्शकात उतरवली असती, तर हक्क असलेल्या बाईला आपणच परत पाठवलं असतं. अशा ठिकाणी कायद्याची अट लिहा आणि पॉलिसी दुरुस्त करायला लेखी कळवा.

मग एक माणूस घेऊन तारखा लावून बघा. समजा, 32,000 पगाराची एक मुलगी 1 जून 2026 ला रुजू झाली, डॉक्टरांची तारीख 20 ऑक्टोबर. पॉलिसीच्या सहा महिन्यांत ती बसत नाही, कायद्यात बसते. पण 8 आठवडे आधी, म्हणजे 25 ऑगस्टपासून, रजा घेतली तर? सोमवार ते शुक्रवार धरून तोवर तिचे जेमतेम 61 दिवस भरतात आणि लाभच हातचा जातो. 80 वा दिवस 18 सप्टेंबरला, शुक्रवारी येतो. (अधली गणपतीची पगारी सुट्टी यात धरली आहे. बिनपगारी रजा घेतली तर तारीख तेवढी पुढे जाते.) सोमवारी, 21 सप्टेंबरपासून रजा धरली तर 26 आठवडे, म्हणजे 182 दिवस, 21 मार्च 2027 ला संपतात. रविवारही मोजायचे, आठवडा सात दिवसांचाच, हे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच सांगितलं आहे आणि पैसेही त्याच हिशोबाने. हे उदाहरण तारखांसकट मार्गदर्शकात ठेवा. नुसतं ‘80 दिवस’ वाचून कुणाला अंदाज येत नाही.

पगार 21,000 पर्यंत असून ईएसआय कापला जात असेल, तर ओळ वेगळी लिहा: पैसे ईएसआय देतं, कंपनी नाही, आणि अट 80 दिवसांची नव्हे. आधीच्या दोन अंशदान कालावधींत, म्हणजे ईएसआयच्या सहा-सहा महिन्यांच्या टप्प्यांत, मिळून 70 दिवसांचं अंशदान भरलेलं लागतं. हाउसकीपिंगच्या ताईंना ही ओळ सगळ्यात आधी लागते.

वडिलांचा भाग छोटा, पण इथेच गोंधळ जास्त. खासगी कंपनीवर पितृत्व रजा द्यायची कायद्याची सक्ती नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला 15 दिवस मिळतात, त्या आकड्यावर विसंबून ‘सगळ्यांना 15’ असं लिहू नका. चौथ्या रकान्यात ‘फक्त कंपनी’ लिहा आणि पॉलिसीत तीन गोष्टी शोधा: दिवस कॅलेंडरचे की कामाचे, जन्मानंतर किती दिवसांत घ्यायचे, तुकड्यांत घेता येतात का. आमच्याकडे पहिल्या दोन्हींबद्दल पॉलिसी गप्प होती. मी अंदाज न लिहिता मॅनेजरला मेल केला, आणि उत्तर येईपर्यंत त्या जागी ‘एचआरला विचारा’ एवढंच ठेवलं.