मोठ्यांच्या पोस्टखाली मतभेद लिहिताना या चुका टाळा

बेळगावात एखाद्या निवृत्त गुरुजींच्या पोस्टखाली आपण दोन ओळी लिहितो, त्या एकटे गुरुजी वाचत नाहीत. त्यांचे जुने विद्यार्थी, खानापूर-निपाणीकडचे पाहुणे, गल्लीतले कन्नड शेजारी, असे सगळेच वाचतात. उद्या आपल्या बहिणीच्या लग्नाचं बोलणं ज्यांच्या घरी होणार आहे, तेही त्यात असतात. मला हे उशिरा कळलं.

आमच्या गुरुजींनी एकदा लिहिलं होतं, की बेळगावच्या १९४६ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष आचार्य अत्रे होते आणि तिथेच संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. ठरावाची गोष्ट बरोबर होती. पण त्या संमेलनाचे अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर होते. अत्रे अध्यक्ष झाले ते १९४२ च्या नाशिकच्या संमेलनात. मी रात्री अकराला लिहिलं, "सर, चुकीचा इतिहास पसरवू नका. अध्यक्ष माडखोलकर होते."

थोड्याच वेळात खाली उत्तरं सुरू झाली. "गुरुजींना शिकवायला निघालास होय?" "बारका होतास तेव्हा कान कुणी धरला विसरलास की काय?" माडखोलकरांचा विषय एकानेही काढला नाही. आपला घाव कुठे बसला, हे अशा उत्तरांवरून ओळखता येतं. लोक मुद्द्यावर बोलत असतील तर आपण मुद्द्यावर लिहिलं आहे. "तू कोण?" असं विचारत असतील तर आपलं वाक्य माणसाला लागलं आहे. "पसरवू नका" या दोन शब्दांत मी गुरुजींच्या हेतूवरच बोट ठेवलं होतं, आणि त्यांची चूक तर फक्त एका नावाची होती.

चुकलेला तपशील सगळ्यांदेखत दुरुस्त करणे

साल, नाव, गाव चुकलं असेल तर आधी फोन करा किंवा खासगीत लिहा: "सर, ४६ च्या संमेलनाचे अध्यक्ष माडखोलकर होते असं माझ्या वाचनात आलंय. अत्रे नाशिकला होते ना? जरा बघता काय?" पोस्ट त्यांची आहे, दुरुस्तीही त्यांच्याच हातून होऊ दे. याला अपवाद एकच. शाळाप्रवेशाची शेवटची तारीख किंवा अर्जाला लागणारी कागदपत्रं चुकली असतील आणि लोक त्यावर विसंबून असतील, तर थांबू नका. तिथेच खाली बरोबर माहिती आणि ती कुठून मिळाली ते लिहा, विशेषण एकही नको.

मतभेदाला नमस्काराचं वेष्टण घालणे

मत वेगळं असेल तर ते उघड लिहायला हरकत नाही, ती चर्चाच असते. समजा गुरुजी म्हणाले, "पोरांना मराठी शाळेत घाला, कन्नडवर वेळ घालवू नका." त्याखाली बरेच जण लिहितात, "आपल्याबद्दल पूर्ण आदर आहे, पण आपलं म्हणणं आजच्या काळात टिकत नाही." हा आदर कुणाला खरा वाटत नाही. जन्मभर ज्यांना "सर, तुम्ही" म्हटलं त्यांना एकदम "आपण" म्हटलं, की ते टोमण्यासारखं लागतं. तिखट वाक्यानंतर जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं तरी तसंच होतं.

मी आता असं लिहीन: "सर, मराठी शाळेचं म्हणणं पटतं, माझी मुलगी मराठी शाळेतच आहे. कन्नडबद्दल माझा अनुभव थोडा वेगळा आहे. इथल्या सरकारी कचेरीत नोकरीसाठी गेलो तेव्हा कन्नड लिहिता येत नाही म्हणून अडलो. घरी मराठी पक्की ठेवून शाळेत कन्नडही नीट शिकवलं तर काय अडचण येईल, तुम्ही सांगा." यात पटलेला भाग नेमका सांगितला आहे, वेगळा अनुभव स्वतःचा आहे आणि पुढचं बोलणं त्यांच्याकडे सोपवलं आहे. "सीमाभागातले लोक असेच" असलं वाक्य मात्र चुकूनही नको. आपल्याकडे भाषेच्या विषयात अशा एका वाक्यावरून माणूस लगेच या बाजूचा की त्या बाजूचा ठरतो आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो.

दुसऱ्या कुणी गुरुजींना खवचट लिहिलं असेल तर त्याला लाईकही देऊ नका. लाईक देणाऱ्यांची नावं दिसतात.

चुकून गेलेलं घाईने पुसणे

मी माझी कॉमेंट पुसली, पण तोवर तिचा स्क्रीनशॉट निपाणीपर्यंत पोचला होता. फेसबुकवर कॉमेंट बदलली तरी आधीचा मजकूर लोकांना बघता येतो. म्हणून जुनं वाक्य तसंच ठेवून खाली लिहावं: "माझे शब्द चुकले, सर. माहिती सांगायची होती, तुमच्यावर आरोप करायचा नव्हता."

मी दुसऱ्या दिवशी शहापूरला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, कपाटातून जुनी वही काढली, पानं चाळली आणि म्हणाले, "माडखोलकरच. माझंच चुकलं बघ." संध्याकाळी पोस्टमध्ये नाव बदललेलं होतं.