x²e^(-2x): जिथे माझे मार्क गेले

फर्स्ट इयरला नागपूरच्या महाल भागातल्या खोलीवर संकलनाची टॅब्युलर पद्धत शिकलो, तेव्हा बाय पार्ट्सची भीतीच गेली. मग x²e^(-2x) चं संकलन करा, अशा एकाच प्रकारच्या गणितात तीन टेस्टमध्ये मार्क गेले. ते अजून टोचतं.

बाय पार्ट्स येतं असं धरतो. बहुपदीचं शून्य येईपर्यंत विकलन करायचं आणि e च्या फलाचं तितक्याच वेळा संकलन.

```
+   x²   e^(-2x)
−   2x   −(1/2)e^(-2x)
+   2     (1/4)e^(-2x)
    0    −(1/8)e^(-2x)
```

गुणाकार तिरपा असतो: x² चा जोडीदार खालच्या ओळीतला. त्यापुढे x² च्याच ओळीचं चिन्ह.

मी चुकायचो ते इथे. उजव्या रकान्यात उणे, अधिक, उणे असं आपोआप येतं. ते पाहून मला वाटायचं की चिन्हं बदलूनच आली आहेत, मग डावा रकाना कशाला? पण ही दोन चिन्हं वेगवेगळ्या ठिकाणाहून येतात. उजवीकडचं -2 ने भागल्यामुळे, डावीकडचं बाय पार्ट्सच्या सूत्रातल्या वजाबाकीमुळे. दोन्ही लागतात. म्हणून मधलं पद −(2x)(1/4), म्हणजे −x/2, आणि शेवटचं +(2)(−1/8), म्हणजे −1/4. उत्तर:

```
−e^(-2x)(x²/2 + x/2 + 1/4) + C
```

कंसात सगळी पदं अधिक. माझ्या कंसात मधलं पद उणे यायचं. तसं झालं तर डावा रकाना सुटला समजा.

मी पडताळा घ्यायचो तोही फसवा. 0 ते अनंत मर्यादा घातल्या की उत्तर 1/4 यायला हवं, आणि माझ्या चुकीच्या उत्तरातूनही 1/4 च यायचं! x = 0 ला मधलं पद नाहीसं होतं, मग त्याची चूक दिसणार कशी? शेवटी एका सीनियर दादाने सांगितलं, "अबे, विकलन करून पाह्य ना." केलं, तर x²e^(-2x) ऐवजी (x² − 2x + 1)e^(-2x) आलं. उत्तर तपासून देणाऱ्यापेक्षा ते आपल्याला तपासायला लावणारा माणूस मला जास्त मोलाचा वाटतो.

सीताबर्डीच्या एका क्लासमध्ये थेट सूत्र पाठ करून घ्यायचे. मला ते पटत नाही. घातांकातला -2 बदलून 3 झाला की नेमकं कुठे काय बदलायचं, तेच आठवत नाही. रकान्यात ते समोर दिसतं. चिन्हं मनात ठेवू नका, आधी लिहा, मग बाकीचं भरा. दोन-चार गणितांनंतर हात बसतो, घाबरू नका.

मात्र घातांक ax + b असाच हवा. e^(x²) आलं तर त्याचं संकलन प्राथमिक फलांत मांडताच येत नाही, उजवा रकाना दुसऱ्याच ओळीत अडतो. तिथे x·e^(x²) असेल तर x² = t घ्या, टेबल नको.