टीव्हीला वाय-फायचा लांबलचक पासवर्ड देताना या चुका टाळा

नवा टीव्ही भिंतीवर चढतो, केबल लागतात आणि मग रिमोटच्या चार बाणांनी एकेक अक्षर गाठत पासवर्ड टाकायची वेळ येते. टीव्ही 'पासवर्ड चुकीचा' म्हणतो, आपण सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. पहिली चूक हीच. काय चुकलं हे न बघता पुन्हा टाइप केलं, तर बहुधा तीच चूक पुन्हा होते.

टाइप करायच्या आधी पासवर्ड दिसेल अशी सोय करून घ्या. रकान्याशेजारी डोळ्याचं चिन्ह किंवा Show password असा पर्याय बहुतेक टीव्हींवर असतो. पाहुण्यांसमोर लाज वाटत असेल तर त्यांना दोन मिनिटं चहाला पाठवा, पण आंधळेपणाने ठिपके मोजत बसू नका.

उदाहरणार्थ, पासवर्ड आहे

```
Katta_O0l1#Dadar
```

अक्षरं फक्त सोळा, पण पेच बराच. मधे मोठा O, मग शून्य, मग छोटा l, मग एकचा आकडा. टीव्हीच्या कीबोर्डवर अंक आणि चिन्हं ?123 सारख्या वेगळ्या पानावर असतील, तर एवढ्याशा पासवर्डसाठी सहा वेळा पान बदलावं लागतं. आणि पान बदलून परत आलात की मोठ्या अक्षरांचं बटण कोणत्या स्थितीत आहे, हे बघितलंच पाहिजे. काही कीबोर्डवर वरच्या बाणाचं बटण एकदा दाबलं की एकच मोठं अक्षर येतं आणि तो आपोआप छोट्यावर येतो. काहींवर तो मोठ्यावरच अडकून राहतो. मग Katta ऐवजी KATTA जातं आणि वाय-फायला हे दोन वेगळे पासवर्ड असतात. अधोरेषा (_) आणि साधी रेघ (-) यांचीही अदलाबदल हमखास होते.

शेवटची चूक सगळ्यात फसवी. 'पूर्ण' बटणाकडे जाताना बाण खाली दाबला जातो, स्पेसबारवर थांबतो आणि OK दाबलं की शेवटी एक रिकामी जागा जोडली जाते. पासवर्ड दिसत असला तरी ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून कर्सर शेवटच्या r ला चिकटून आहे का तेवढं बघा, शंका आली तर एकदा मागे खोडा.

पासवर्ड कुठून वाचता हेही महत्त्वाचं. राउटरच्या मागच्या स्टिकरवरचा पासवर्ड जोडणी करणाऱ्याने बदललेला असू शकतो आणि राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड वेगळाच असतो. आयफोनवर (आयओएस १६ पासून पुढे) सेटिंगमधल्या वाय-फायमध्ये नेटवर्कच्या नावासमोरचं i दाबलं की पासवर्ड दिसतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर 'शेअर' केलं की क्यूआर कोडखाली तो लिहिलेला असतो. तेथून कागदावर उतरवताना शून्यावर तिरकी रेघ मारा.

आता संदेश नीट वाचा. 'पासवर्ड चुकीचा' आला तर वरचं सगळं तपासा. पण टीव्ही 'जोडलं, इंटरनेट नाही' म्हणत असेल, तर पासवर्ड बरोबर आहे. तो पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नका, राउटरकडे आणि टीव्हीतल्या तारीख-वेळेकडे बघा. जोडण्याचं बटण फिकटच राहत असेल, तर अक्षरं आठपेक्षा कमी पडली आहेत. आणि राउटरचा पासवर्ड हल्लीच बदलला असेल, तर टीव्हीतलं जुनं नेटवर्क आधी 'विसरा' करा, नाहीतर तो जुनाच पासवर्ड पुढे करत राहतो.

फोनला रिमोट बनवून टाइप करू, असं अनेकांना सुचतं. सोय चांगली आहे, पण तसली बरीच अॅप फोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर असतील तेव्हाच चालतात. इथे तर टीव्ही वाय-फायवर आणायचाच आहे. त्यापेक्षा घरातल्या कॉम्प्युटरचा यूएसबी कीबोर्ड टीव्हीच्या यूएसबी खाचेत लावून बघा. बऱ्याच टीव्हींना तो लगेच कळतो आणि काम एका मिनिटात होतं. राउटरवर डब्ल्यूपीएसचं बटण असेल तर टीव्हीतला तोच पर्याय निवडून दोन मिनिटांच्या आत ते दाबा, पासवर्डची गरजच नाही. फक्त काम झाल्यावर ही सोय बंद ठेवा, कारण तिची पिनवाली पद्धत सुरक्षेच्या दृष्टीने कच्ची आहे.

खूपच त्रास होत असेल, तर राउटरवर गेस्ट नेटवर्क सुरू करून त्याला छोट्या अक्षरांतले चार-पाच असंबद्ध शब्द सलग जोडून पासवर्ड द्या. लांबी मोठी राहते, पण पान एकदाही बदलावं लागत नाही. मात्र गेस्ट नेटवर्कवरच्या टीव्हीला घरातले फोन बहुधा सापडत नाहीत, त्यामुळे फोनवरचे फोटो टीव्हीवर दाखवायचे असतील तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही.