एकाच कंपनीत दोन जागा: कुठली हवी ते एका ईमेलमध्ये कसं कळवावं

माझी भाची डिचोलीची, एमएस्सी केमिस्ट्री. वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत दोन वर्षांच्या अनुभवावर मुलाखत झाली आणि एचआरने विचारलं, ‘क्यूसी आणि क्यूए, दोन्हीकडे जागा आहे. तुला कुठली हवी?’ ती लिहिणार होती, ‘दोन्ही चालतील.’ मी थांबवलं. अशा उत्तराने निवड त्यांच्या हाती जाते, मग जिथे माणूस तातडीने हवा तिथे तुम्हाला बसवतात.

आधी पदाचं नाव विसरा आणि दिवस कसा जातो ते विचारा. क्यूसी म्हणजे क्वालिटी कंट्रोल, औषध तपासणारी प्रयोगशाळा: नमुने, एचपीएलसी यंत्र, आलेखांचे आकडे आणि बहुतेक ठिकाणी शिफ्ट. क्यूए म्हणजे क्वालिटी अ‍ॅश्युरन्स: बॅच रेकॉर्ड तपासणं, चूक कुठे झाली ते शोधणं, ऑडिटची तयारी. यात यंत्रापेक्षा कागद जास्त. एचआरला फोन करून तीन गोष्टी विचारा: शिफ्ट कशी, वरिष्ठ कोण, आणि जागा नवी की कोणी सोडून गेल्यामुळे रिकामी? तिसऱ्या प्रश्नाला आढेवेढे घेतले तर कान टवकारा.

मग प्रत्येक जागेसमोर आपण स्वतः केलेली दोन कामं लिहा. भाचीच्या क्यूसीच्या रकान्यात रोजची चाचणी होती. क्यूएच्या रकान्यात निघालं, की सध्याच्या नोकरीत एका नमुन्याचा निकाल मर्यादेबाहेर गेला तेव्हा त्याच्या चौकशीचा अहवाल तिनेच लिहिला होता. ते सांगताना ती खुलली. निवड तिथेच झाली.

ईमेल एचआरच्या मूळ ईमेललाच उत्तर म्हणून पाठवा. दोन विभागप्रमुखांना वेगवेगळं लिहू नका, ते एकाच कँटीनमध्ये जेवतात. तिने पाठवलेला मजकूर साधारण असा (मूळ इंग्रजीत होता):

‘दोन्ही जागांची माहिती दिल्याबद्दल आभार. माझी पहिली पसंती क्यूए एक्झिक्युटिव्हला आहे. सध्याच्या नोकरीत मर्यादेबाहेरच्या निकालाची चौकशी मी केली आणि त्याचा अहवाल लिहिला. तेच काम पुढे करायचं आहे. प्रयोगशाळेत दोन वर्षं काढल्यामुळे क्यूसीकडून येणारे रेकॉर्ड मला नीट तपासता येतील. क्यूए शक्य नसेल तर क्यूसीचाही मी विचार करेन. नोटीस एक महिन्याची आहे.’

पसंती पहिल्या दोन वाक्यांतच येते, आणि क्यूसीला कुठे नावं ठेवलेली नाहीत. ‘विचार करेन’ हे मात्र खरं असेल तरच लिहा. नको असेल तर ते वाक्य गाळा, नाहीतर क्यूसीचं ऑफर लेटर हातात पडल्यावर पंचाईत होते.

घर लांब आहे, कंपनीची बस सोयीची आहे, ही कारणं पसंतीत घालू नका. अपवाद एकच: रात्रपाळी अजिबात जमणार नसेल तर ते शेवटी एका ओळीत स्पष्ट लिहा.