सफाईला माणसं बोलावताना मेसेज कसा लिहावा

आमच्या गल्लीमागच्या नाल्याचा काठ आम्ही दर मे महिन्यात, पावसाच्या आधी साफ करतो. तारीख, जमायची जागा आणि गोण्या न्यायला येणारी गाडी आधी पक्की करा. मगच मेसेज लिहायला घ्या.

अवघड आहे ते कष्ट किती, हे लिहिणं. पहिल्या वर्षी मी लिहिलं होतं, "सकाळी या, जमेल तेवढं करू." चाळीस अंगठे आले, माणसं सहा. त्यातल्या एका काकांची कंबर तासाभरात धरली, कारण वाकून काम आहे हे मी लिहिलंच नव्हतं. ती चूक माझी होती. "थोडंसंच काम आहे" असं लिहिलं की जास्त लोक येतात, हा सल्ला कृपा करून ऐकू नका. फसवून बोलावलेला माणूस पुढच्या वर्षी येत नाही.

कष्टांचा अंदाज घरी बसून येत नाही. आठवडाभर आधी एकट्याने जा, पाच पावलांचा पट्टा साफ करा आणि घड्याळ लावा. मला चाळीस मिनिटं लागली, दोन गोण्या भरल्या. काठ शंभर पावलांचा, म्हणजे असे वीस पट्टे. एकूण आठशे मिनिटं, चाळीस गोण्या. दहा जण वेचायला असले तर ऐंशी मिनिटांत उरकतं. एक भरलेली गोणी घरच्या वजनकाट्यावर ठेवली, आठ किलो भरली. मग मेसेज असा झाला:

"रविवार, 18 मे, सकाळी 7 ते 8:45. पिठाच्या गिरणीसमोर जमू. काम: नाल्याच्या काठावरचं प्लास्टिक आणि चिंध्या वेचून गोणीत भरणं. पाण्यात कुणीही उतरायचं नाही. माणसं हवीत 15. वेचायला 10: ऐंशी मिनिटं वाकून काम, आठनंतर ऊन. गोण्या न्यायला 4: आठ किलोची एक, साठ पावलं चढावर, प्रत्येकी दहा खेपा. सावलीत बसून गोण्यांची तोंडं शिवायला 1. रबरी हातमोजे आम्ही देऊ, बूट घालून या. काच किंवा सुई दिसली तर हात लावू नका, आवाज द्या. येणार असाल तर अंगठा नको, नाव आणि काम लिहा."

शेवटची ओळ गाळू नका. "वेचायला, मी आणि मुलगा" असं लिहिणारा येतोच. शिवाय वेचणारे दहा भरले की पुढच्यांना गोण्यांकडे वळवता येतं. वेचायला सातच नावं आली तर वेळ वाढवू नका, काठ सत्तर पावलांवर आणा आणि तसं कळवा.

मेसेज बुधवारी टाका. शनिवारी संध्याकाळी फक्त नाव दिलेल्यांना वेळ पुन्हा कळवा, वळीव आला तर कधी जमायचं तेही त्यातच लिहा.