40 टक्के वाढवले, 25 टक्के सोडले, तरी नफा 15 टक्के नाही: सूट-नफ्याच्या गणितातल्या या चुका टाळा

शिकवणीच्या ग्रुपवर आलेल्या स्वाध्यायाच्या फोटोतलं हे गणित घ्या. नाशिकच्या भांडी बाजारातल्या दुकानदाराने पितळी समई 760 रुपयांना घेतली, रिक्षाभाडं 40 रुपये झालं. एकूण खर्चात 40% वाढवून त्याने छापील किंमत लावली आणि गिऱ्हाइकाला 25% सूट दिली. शेकडा नफा किंवा तोटा किती?

बहुतेक मुलं 40 मधून 25 वजा करून 15% नफा लिहून मोकळी होतात. इथेच गाडी घसरते. 40 टक्के खर्चाचे आहेत आणि 25 टक्के छापील किमतीचे. रक्कमच वेगळी, तर वजाबाकी कशी करणार? प्रत्येक टक्क्याच्या डोक्यावर पेन्सिलीने 'कशाचे?' एवढं लिहा, मग पुढे चला.

आधी खर्च: 760 + 40 = 800 रुपये.
800 चे 40% म्हणजे 320. छापील किंमत 800 + 320 = 1120.
सूट नेहमी छापील किमतीवर. 1120 चे 25%, म्हणजे चौथा हिस्सा, 280.
विक्री किंमत 1120 − 280 = 840.
नफा 840 − 800 = 40 रुपये.
शेकडा नफा खर्चावर काढायचा: 40 ÷ 800 × 100 = 5%.

काही जण सूट 800 वर काढतात. मग सूट 200, विक्री किंमत 920, नफा 120 आणि पुन्हा तेच 15%. म्हणून उत्तर 15 आलं, तर आधी सुटीची ओळ तपासा. शेवटच्या पायरीला 40 ला 840 ने भागलं, तर 4.76 असं लांबडं उत्तर येतं. तिथे खर्चाऐवजी विक्री किंमत घेतली गेलेली असते.

फोटोची एक गंमत आहे. पानाची कड कापली जाऊन रिक्षाभाड्याची ओळ गेली, तर 760 वरून छापील किंमत 1064, सूट 266, विक्री किंमत 798 आणि नफा 38 रुपये येतो. शेकडा मात्र 5 च! टक्के जुळले म्हणून गणित बरोबर, असं धरू नका. रुपयांतला नफा विचारला की चूक उघडी पडेल. 'एकूण खर्च' हे शब्द दिसले आणि खर्च एकच सापडला, तर फोटो पुन्हा मागवा.

आता सूट 30% करून बघा. वजाबाकीवाला म्हणेल, 10% नफा. प्रत्यक्षात 1120 चे 30% म्हणजे 336, विक्री किंमत 784. दुकानदाराला 16 रुपयांचा, म्हणजे 2% तोटा.