दुसरीच्या मुलांना धारकता शिकवताना: कप, बाटली, चमचा

दुसरीला लगेच लिटर-मिली काढू नका, आधी पाणी ओतू द्या. पुण्यात अमृततुल्यमध्ये मिळतो तसा छोटा कप, पाण्याची अर्धा लिटरची बाटली आणि औषधासोबत येणारा ५ मिलीचा चमचा, प्रत्येक गटाला एवढंच पुरतं, हो आणि खाली एक परात ठेवाच, सांडलेलं पाणी कुंड्यांना घालता येतं.

नोंदीचा कागद असा आखा: भांडं, कशाने मोजलं, माझा अंदाज, मोजून आले. अंदाज आधी आणि पेनानेच लिहायला लावा, पेन्सिल दिली की पोरं मोजून झाल्यावर गुपचूप खोडून बरोबर आकडा टाकतात!

समजा कप १०० मिलीचा आहे, तर त्यात साधारण २० चमचे मावतात आणि बाटलीत ५ कप, वर गळ्यापर्यंत भरली तर अजून थोडं. मग विचारा, बाटली चमच्याने भरली तर? बरीच मुलं म्हणतील ५ पेक्षा कमी, कारण चमचा लहान. इथे घाई करू नका, ५ वेळा २० अशी बेरीज फळ्यावर करून १०० येऊ दे.

एकाच कपाचे एका गटाचे २० आणि दुसऱ्याचे २६ आले तर चमचा काठोकाठ भरत नाहीयेत किंवा वाटेत सांडतंय, त्यामुळे दोन्ही गटांना एकमेकांसमोर परत मोजायला लावा. उंच बाटली आणि बसका डबा ही तुलना दुसऱ्या दिवशी घ्या.